‘अभिक्रिया भागफल’ की ‘अभिक्रिया भागाकार’?

“अकरावीतल्या मुलीला शिकवताना ‘रिअ‍ॅक्शन कोशंट’ला मी ‘अभिक्रिया भागफल’ म्हणाले, तर सासूबाई म्हणाल्या, हे हिंदी झालं. मग काय म्हणू? आणि Q कमी असला की अभिक्रिया पुढे जाते, हे तिला उलटंच वाटतं.” (कोथरूड, पुणे)

सासूबाईंचं बरोबर आहे. भाज्य, भाजक, भागाकार, बाकी अशीच आपली शाळेतली चौकडी. ‘भागफल’ हिंदीतला. म्हणून मी ‘अभिक्रिया भागाकार’ म्हणतो. त्याचा फायदाही आहे: भागाकार म्हटलं की वर काय आणि खाली काय, हे आपोआप विचारलं जातं. वर तयार झालेले पदार्थ, खाली मूळचे. भागाकार लहान म्हणजे समतोलाच्या मानाने वरचं अजून कमी आहे, ते वाढायला हवं. म्हणून अभिक्रिया पुढे.

पेरूगेटाजवळच्या माझ्या शिकवणीत मी हे उदाहरण फळ्यावर मांडतो. H₂ + I₂ ⇌ 2HI. सुमारे ४४८° सेल्सिअसला समतोल स्थिरांक K, म्हणजे समतोलाला येणारा हाच भागाकार, साधारण ५०. दोन लिटरच्या बंद भांड्यात ०.०४ मोल हायड्रोजन, ०.०४ मोल आयोडीन आणि ०.२० मोल हायड्रोजन आयोडाइड आहे. दोनने भागून संहती ०.०२, ०.०२ आणि ०.१०.

हायड्रोजन आयोडाइड आधीच पाचपट आहे, तेव्हा ते मोडेल, असं बहुतेक मुलं म्हणतात. भागाकार करून बघू:

Q = [HI]² ÷ ([H₂] × [I₂]) = ०.०१ ÷ ०.०००४ = २५

२५ हे ५० पेक्षा कमी, म्हणजे हायड्रोजन आयोडाइड आणखी तयार होणार. समतोलाला त्याची संहती सुमारे ०.१०९ आणि बाकी दोघांची ०.०१५४ होते. ०.१०९ चा वर्ग करून ०.०१५४ च्या वर्गाने भागा, ५० च्या आसपास येतं. काचेच्या भांड्यात हे दिसतंही: आयोडीनच्या वाफेचा जांभळा रंग थोडा फिका होतो.

नेमकी चूक होते ती वर्ग विसरण्यात. समीकरणात HI च्या आधी २ आहे, म्हणून वर वर्ग. तो विसरलात तर ०.१० ÷ ०.०००४ = २५० येतात, आणि दिशाच उलटी सांगितली जाते. तापमानही जुळायला हवं, कारण K प्रत्येक तापमानाला वेगळा.

आता ‘पुढे जाते’ या क्रियापदाबद्दल. HI मोडण्याचं काम त्याच वेळी चालूच असतं, फक्त तयार होण्याचा वेग त्याहून जास्त असतो. म्हणून मुलीला ‘एकूणात पुढे सरकते’ असं सांगा. आणि ‘सरकते’ म्हणजे लगेच सरकते असंही नाही. भांडं थंड असेल, तर दिशा पुढचीच असूनही हायड्रोजन आणि आयोडीन जवळजवळ तसेच पडून राहतात.