भेटायला गेल्यावर काय बोलावं आणि कधी गप्प बसावं

प्रश्न: ऑफिसमधल्या मैत्रिणीचे वडील चार दिवसांपूर्वी गेले. घरी भेटायला जायचंय, पण अशा ठिकाणी एकटी पहिल्यांदाच जातेय. काय बोलू, काय टाळू? नुसतं गप्प बसलं तर विचित्र दिसेल का?

उत्तर: नाही दिसणार. उलट अशा घरात बोलून झालेल्या चुका लोकांच्या वर्षानुवर्षं लक्षात राहतात. गप्प बसलेल्या माणसाबद्दल मात्र पुढे कोणी तक्रार करताना दिसत नाही.

घर मराठी हिंदू आहे आणि दहा दिवसांचं सुतक चालू आहे, असं धरून लिहितो. रीती जातीनुसार, गावानुसार आणि घरानुसार बदलतात, म्हणून जाण्याआधी एक फोन करा. तो मैत्रिणीला नको. तिचा भाऊ, मावशी, शेजारी किंवा आधी जाऊन आलेला एखादा सहकारी, यांच्यापैकी कोणालाही करा. त्या फोनवर तीन गोष्टी विचारायच्या. कधी आलेलं बरं? घरात कोणकोण आहे? आणि नेमकं काय झालं? तिसरा प्रश्न महत्त्वाचा, कारण तो तिथे गेल्यावर विचारायचा नाहीये. कोणत्या वारी भेटायला जायचं नाही हेही काही घरांत पाळतात, तेही याच फोनवर कळतं. साधारण सकाळी दहा ते बारा किंवा संध्याकाळी पाच ते सात ही वेळ बरी. जेवणाच्या वेळेला जाऊ नका. दहाव्या दिवशी सकाळी घरातले लोक घाटावर असतात.

आता प्रत्यक्ष घरात. दार बहुधा उघडंच असतं, बेल वाजवायची गरज नाही. फोन बाहेरच सायलेंट करून पर्समध्ये टाका, हातात ठेवू नका. आत एका कोपऱ्यात दक्षिणेकडे वात केलेला दिवा तेवत असेल, त्याच्या आणि भिंतीच्या मधून जाऊ नका. सतरंजी अंथरलेली असेल तर खालीच बसा. पाया पडू नका, सुतकात बऱ्याच घरांत नमस्कार करत नाहीत आणि घेतही नाहीत. आधी आईजवळ जा. त्या तुम्हाला ओळखत नसतील तर ओळख एका वाक्यात: ‘काकू, मी हिच्या ऑफिसमधली.’ कुठे राहता, किती वर्षं एकत्र काम करता, हे सगळं आत्ता नको.

मैत्रिणीला म्हणायचं वाक्यही तेवढंच लहान हवं. ‘कळलं. फार वाईट झालं गं.’ बास. काहीच सुचत नसेल तर ‘काय बोलू, कळत नाहीये’ हेही चालतं, कारण ते खरं असतं. खांद्यावर किंवा हातावर हात ठेवण्याइतकी जवळीक असेल तर ठेवा. आणि मग थांबा.

हे थांबणंच अवघड जातं. दोन मिनिटं कोणी बोललं नाही की पाहुण्याला वाटतं, हे आपल्यालाच भरून काढायला हवं. मग तोंडातून ‘देवाची मर्जी’, ‘आपल्या हातात काय असतं’, ‘काळ हेच औषध’ असं काहीबाही निघतं. ही वाक्यं ऐकणाऱ्यासाठी नसतातच, ती बोलणाऱ्याची घालमेल कमी करण्यासाठी असतात. शांतता मोडायचा मान घरच्यांचा असं धरून चाला. मैत्रीण बोलली तर ऐका, रडली तर रडू द्या, नुसती समोर बघत बसली तर तुम्हीही बसा. तिच्या चेहऱ्याकडे टक लावून मात्र बघू नका. नजर खाली किंवा दिव्याकडे असू द्या, अधूनमधून तिच्याकडे. शेजारी बसलात तर समोरासमोर बसल्यापेक्षा हे सोपं जातं.

शांतता बिघडते ती पाहुण्यांच्या आपसातल्या बोलण्याने. पाच जण एकदम आले की दहाव्या मिनिटाला पार्किंग, मेट्रोचं काम, कोणाच्या मुलाची बारावी असे विषय निघतात. त्यात घरचे लोक परक्यासारखे बसून राहतात. म्हणून ऑफिसची मिनीबस करून जाऊ नका. दोघी-तिघी गेलात तर खूप झालं.

‘कसं झालं हो?’ हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि सगळ्यात जास्त थकवतो. रोज वीस माणसं येत असतील तर तेच वर्णन वीस वेळा द्यावं लागतं. सकाळी चहा घेतला, मग घाम आला, मग रिक्षा मिळेना. चौथ्या दिवसापर्यंत ते पाठ म्हटल्यासारखं व्हायला लागतं. पण याला दुसरी बाजू आहे. काहींना ते सांगायचंच असतं, पुन्हा पुन्हा. तेव्हा नियम असा: आपण विचारायचं नाही, पण त्यांनी सुरुवात केली तर शेवटपर्यंत ऐकायचं, मधे दुरुस्ती करायची नाही. ‘मग लगेच अँजिओग्राफी नाही केली?’ किंवा ‘त्या हॉस्पिटलपेक्षा दुसरीकडे न्यायला हवं होतं’ हे तर अजिबात नको. रिक्षा मिळायला लागलेली दहा मिनिटं ती मुलगी आधीच मनात शंभरदा मोजत असते, त्यात तुमची भर नको.

‘सुटले बिचारे’, ‘वय झालंच होतं’, ‘झटक्यात गेले, नशीबवान’ ही वाक्यं फक्त घरच्यांनी म्हणायची. काकू स्वतः म्हणाल्या, ‘फार हाल झाले हो, सुटले एकदाचे,’ तर त्यावर ‘हो ना, सुटलेच’ असं ठासून म्हणू नका. ‘फार सोसलं त्यांनी’ एवढं म्हणा. बायको नवऱ्याआधी गेली तर ‘सवाष्ण गेली, सोनं झालं’ म्हणायची जुनी पद्धत आहे. समोर बसलेल्या नवऱ्याला त्यात कसलं सोनं दिसणार, हा विचार म्हणणाऱ्याच्या मनातही येत नाही. लहान मूल गेलं असेल तर ‘अजून तरुण आहात’ हे तोंडातून निघता कामा नये. आत्महत्या असेल तर कारण, चिठ्ठी, भांडण यातलं काहीच काढायचं नाही, आडूनही नाही.

मैत्रिणीला भाऊ असेल तर त्याला हमखास ऐकावं लागतं, ‘आता तुलाच सगळं सांभाळायचंय, तू रडून कसं चालेल?’ त्या वाक्याने तो तेरा दिवस तंबू, भटजी, बिसलेरीचे कॅन असाच फिरत राहतो. त्याच्याशीही तेच लहान वाक्य बोला, जे बहिणीशी बोललात.

काकूंच्या बांगड्या, कुंकू, मंगळसूत्र याकडे बघू नका आणि त्यावर शब्द काढू नका. कोणी आलेली बाई त्यावरून त्यांना काही सुचवत असेल तर ‘राहू द्या हो आत्ता’ म्हणून विषय बदलणं हे अशा बैठकीत बोलण्याचं एक खरं कारण आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे 2022 मध्ये या विधवा प्रथा बंद करण्याचा ग्रामसभेत ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. तेव्हा तुमचं म्हणणं अगदीच जगावेगळं नाही.

एक वाक्य मात्र धीराने बोलावं: गेलेल्या माणसाची एखादी बारीक आठवण. ‘बाबा फार चांगले होते’ हे सगळेच म्हणतात. त्याऐवजी, ‘पावसात तुला न्यायला गेटवर आले होते ना, तेव्हा मला पण स्टेशनपर्यंत सोडलं होतं’ असं खरोखर घडलेलं काही असेल तर सांगा. त्यांना कधी भेटला नसाल तर मुलीच्या तोंडून ऐकलेलं चालेल: ‘तू सांगायचीस, बाबा रविवारी स्वतः मटार सोलत बसायचे.’ त्यावर रडू फुटलं तर घाबरू नका, चूक झालेली नाही. पाण्याचा पेला जवळ सरकवा, पण ‘पी, पी’ करू नका, आणि ‘रडू नकोस’ तर नकोच.

हातात काय न्यावं? गोडाचं काही नको, हार-बुके नको. मृत्यूच्या दिवशी शेजारचे पिठलं-भात आणून देतात. चौथ्या दिवशी दूध, केळी, पत्रावळ्या-द्रोण, कागदी कप अशा वस्तू उपयोगी पडतात. शिजवलेलं नेणार असाल तर आधी विचारा, कारण काही घरांत सुतकात फोडणी घालत नाहीत. चहा बहुतेक विचारणार नाहीत. विचारलाच तर एकदा ‘नको’ म्हणा, पुन्हा आग्रह झाला तर निमूट घ्या. कपावरून ओढाताण नको.

‘काही लागलं तर सांग’ हे निरुपयोगी वाक्य आहे. सांगायचं काम आपण त्यांच्यावर टाकतो आणि कोणी सांगत नाही. नेमकं विचारा: ‘उद्या सकाळी दोन लिटर दूध दाराशी ठेवू?’ किंवा ‘रजेचं मी साहेबांशी बोलून घेते, तू मेल करू नकोस.’ मृत्यूच्या नोंदीची मुदत 21 दिवसांची असते आणि दाखल्याच्या प्रती पुढे बँक, विमा, पेन्शन अशा बऱ्याच ठिकाणी मागतात. त्या कामाला बरोबर जायची तयारी भावाला बाजूला घेऊन, हळूच सांगा. मृत्युपत्र, नॉमिनी, फ्लॅट कोणाच्या नावावर, हे विषय तुमचे नाहीत.

पंधरा-वीस मिनिटं झाली की उठा. निघताना ‘येते’ म्हणू नका, अशा कारणाने पुन्हा येणं नको म्हणून ते टाळतात. ‘निघते’सुद्धा म्हणायची गरज नसते. मैत्रिणीचा हात दाबा, काकूंकडे बघून मान हलवा आणि चपला घाला. कोणी दारापर्यंत सोडायला येणार नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. जिन्यात उतरताना बरोबरच्या मैत्रिणीशी जोरात बोलू नका, वर सगळं ऐकू जातं. रात्री व्हॉट्सॲपवर हात जोडल्याचं चित्र पाठवायचीही गरज नाही, तुम्ही जाऊन आलात.

ती कामावर परत येईल तो दिवस जास्त अवघड. तेराव्याचं गोडाचं जेवण झालं की पाहुणे पांगतात आणि घर एकदम रिकामं होतं. ऑफिसात सगळे तिच्या टेबलाभोवती जमले तर तिला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागेल, तेवढं तुम्ही आधीच बाकीच्यांना बजावून ठेवा. आणि दुपारी फक्त विचारा, ‘डबा आणलायस का? नसेल तर माझ्यातलं खा.’