सत्तावीस लिटरची गोष्ट

प्रिय मित्रा,

तुझ्या विज्ञानकथेचा आराखडा दोनदा वाचला. सिंहगड रोडवरचा फ्लॅट, आजी, आई, बाबा आणि दहावीतली मुलगी, हे सगळं पक्कं आहे. फक्त शोध पाच आहेत: सांडपाणी शुद्ध करणारं यंत्र, उडती रिक्षा, स्वयंपाक करणारी भिंत आणि आणखी दोन. यंत्र ठेव, बाकीचे चार काढ. पाच गोष्टी एकदम बदलल्या की आईला पाण्यासाठी पहाटे का उठावं लागत नाही याचं नेमकं कारण वाचकाला सापडत नाही.

आता त्या यंत्रातही बदल एकच ठेव. आज घरातला आरओ एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर मोरीत सोडतो. तेवढ्याच पाण्यातून जास्त शुद्ध पाणी काढायला गेलं, तर साबण, तेल, क्षार आणि जंतूंचा थर आतला गाळणारा पडदा बुजवून टाकतो. तुझ्या जगात बुजत नाही असा पडदा सापडला आहे, एवढंच. त्यामुळे घरातलं सगळं सांडपाणी, संडासाचं धरून, शंभरातले पंच्याण्णव लिटर परत नळाला येतं. विजेचा दर, पाण्याचे गुणधर्म, माणसांचे स्वभाव जसेच्या तसे.

मग वहीत हिशेब मांड. शहरातल्या पाणीपुरवठ्याचं प्रमाण माणशी रोज १३५ लिटर धरतात. चौघांचे ५४० झाले. त्यातले पाच टक्के, म्हणजे २७ लिटर, उरतात. कपडे वाळताना, फरशी पुसताना, स्वयंपाकात, झाडांना आणखी तीसेक लिटर जातं असं धर. म्हणजे बाहेरून रोज साठ लिटर आणलं की घर चालतं. चार बादल्या! आता उलट बाजूने तपास. मीठ, साबणाची पावडर, आलेल्या पाण्यातले क्षार मिळून दिवसाला दीडशे ग्रॅम घरात येत असतील, तर ते सगळे त्या २७ लिटरमध्ये जमतात. लिटरला साडेपाच ग्रॅम झाले. समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ असतात. पाणी तेवढं खारट नाही, म्हणजे ते पडद्यातून ढकलायला फार जोर लावावा लागणार नाही, विजेचं बिल हा कथेचा विषय नाही. हे आकडे कथेत एकदाही लिहू नकोस. पण ते ठाऊक असले की तुझ्या हातून खोटं वाक्य जाणार नाही.

आराखड्यात तू इथेच थांबला आहेस: टँकर बंद झाला, गुरुवारी पाणी बंद असलं तरी आईला आदल्या रात्री पिंप भरायला नको, सगळे सुखी. गोष्ट खरी सुरू होते ती उरलेल्या २७ लिटरपासून. ते जातं कुठे?

पहिल्या महिन्यात इमारतीत तीनच यंत्रं आहेत, तेव्हा ते ड्रेनेजमध्ये जातं आणि कुणाला कळतही नाही. चाळीसपैकी तीस फ्लॅटमध्ये यंत्र बसलं की पार्किंगमधलं चेंबर तुंबतं. कारण साधं आहे. मैल्याच्या पाइपात पाणी सेकंदाला साधारण साठ सेंटिमीटर वेगाने धावलं, तरच गाळ पुढे सरकतो. पाणी विसाव्या हिश्श्यावर आलं, मैला तेवढाच राहिला, मग तो पाइपात बसतो. हे कसं ओळखायचं, तेही दाखव: तळमजल्याच्या बाथरूमच्या जाळीतून गुडगुड आवाज येतो, मग वास येतो, मग पाणी उलटं चढतं. पहिली तक्रार तळमजल्यावरून येते, चौथ्या मजल्यावरच्यांना ती पटत नाही. सोसायटीची सभा भरते आणि ठराव होतो: उरलेलं पाणी झाकणाच्या कॅनमध्ये भरायचं आणि संध्याकाळी सातच्या आत खालच्या टाकीत ओतायचं.

सत्तावीस लिटर म्हणजे सत्तावीस किलो. दोन कॅन, प्रत्येकी साडेतेरा किलो. कोण नेणार? बाबा आठला घरी येतात. मुलीचा क्लास असतो. भांड्याच्या मावशी पहिल्याच दिवशी सांगतात, "ताई, हे माझ्याकडून व्हायचं नाही." त्यांचं बरोबर आहे, आणि तसं वाचकालाही वाटलं पाहिजे. उरते आई. तिचं पहाटेचं काम संध्याकाळी आलं. आणि पहाटही पूर्ण सुटली नाही, कारण देवाच्या तांब्यात आजीला हे पाणी चालत नाही. बाहेरून आलेल्या साठ लिटरमधला पहिला तांब्या यंत्रात जाण्याआधी भरून ठेवावा लागतो आणि ते पाणी साडेपाचला येतं. आजीला हट्टी करू नकोस. तिने नळाखाली तांब्या धरणाऱ्या सुनेला म्हणावं, "राहू दे गं, मी उठते," आणि गुडघे धरत उठावं.

आता कथेचा गाभा. पडदा साखर अडवतो, म्हणून घरातली सगळी विरघळलेली साखर त्या दोन कॅनमध्ये गोळा होते. भरताना चार थेंब फरशीवर सांडतात, पाणी वाळतं, साखर राहते. एका सकाळी कॅनपासून दारापर्यंत मुंग्यांची रांग लागलेली असते. आईला आधी चहाची भांडी आठवतात, आणि तेच स्वाभाविक आहे. ती आठवडाभर कप वेगळे विसळून ते पाणी झाडांना घालते. रांग तशीच. मग आजी चार दिवस चिंचवडला लेकीकडे जाते आणि मुंग्या येत नाहीत. आजी परत येते, तिसऱ्या दिवशी रांग हजर. आईने काही बोलू नये. तिने मुंग्यांकडे पाहावं, मग आजीच्या कॉटखालच्या पेढ्यांच्या खोक्याकडे.

इथे दोन ठिकाणी चूक होऊ शकते. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की ती लघवीत उतरते. त्याखाली मुंग्या येणार नाहीत. म्हणून आजीचा मधुमेह अजून कुणाला न कळलेला आणि बराच वाढलेला असला पाहिजे. तिला आधीच गोळ्या चालू आहेत असं लिहिलंस, तर काही गोळ्या मुद्दामच साखर लघवीवाटे बाहेर काढतात. तेव्हा मुंग्यांवरून काहीच सिद्ध होत नाही आणि एखादा डॉक्टर वाचक तुला तिथेच पकडेल. दुसरं, कॅन दोन दिवस तसाच ठेवला तर जंतू साखर खाऊन टाकतात आणि आंबूस वास येतो. मुंग्या त्याच दिवशी सांडलेल्या थेंबांवर हव्यात.

हे झालं की एक प्रश्न तुझ्यापुढे येईल. आईला जे कळलं ते तिने कॅन उचलला म्हणून कळलं. ठराव पाळायला बाबांनी लवकर घरी येऊन उचलला असता, तर सातच्या ठोक्याला घाईघाईने खाली नेला असता आणि मुंग्या दिसल्याच नसत्या. ही गोष्ट कुणाच्या तोंडी घालू नकोस. फक्त ज्या दिवशी आजीला रक्ततपासणीला नेतात, त्या संध्याकाळी कॅन कोण खाली नेतो ते दाखव. माझ्या मते मुलगी नेते. दोन खेपा करते, कारण साडेतेरा किलो दोन्ही हातांत तिला झेपत नाहीत, आणि दुसऱ्या खेपेला लिफ्ट वर गेलेली असते.

मसुदा दोन हजार शब्दांत बसव. यंत्राचं वर्णन चार ओळींहून मोठं झालं, तर काप.

तुझा,
एक जुना वाचक