सात संघ, एक मैदान, दोन दिवस: कार्यक्रम कसा लावशील?

सर, तुमच्या शाळेकडे कबड्डीचे सात संघ आलेत. पूर्ण साखळी लावली तर २१ सामने होतील, एका मैदानावर ते दोन दिवसांत बसणार नाहीत. बाद पद्धतीत सहाच सामने लागतात, पण पहिल्या फेरीत हरलेली मुलं अर्ध्या तासात घरी जातात. शिवाय सातला आठ करायला एका संघाला पुढे चाल द्यावी लागते. ती गतविजेत्याला द्या, नाहीतर सर्वांसमोर चिठ्ठी काढा. आयोजक शाळेला परस्पर देऊ नका, त्यावरूनच भांडणं होतात.

मी असतो तर चार आणि तीनचे गट केले असते. गटात सहा अधिक तीन, मग दोन उपांत्य आणि अंतिम, असे एकूण बारा सामने. रोज सहा आरामात होतात.

खरी अडचण तिघांच्या गटात येते. समजा अ ने ब ला ३२-२० हरवलं, ब ने क ला २५-२४ आणि क ने अ ला ३०-२५. तिघांचा एकेक विजय, त्यामुळे आपसातला निकाल इथे कामाचा नाही. मग गुणफरक बघायचा: अ अधिक ७, क अधिक ४, ब उणे ११. अ आणि क पुढे. तोही सारखा निघाला तर एकूण मिळवलेले गुण, शेवटी चिठ्ठी. हा क्रम पहिल्या सामन्याआधी लिहून संघव्यवस्थापकांच्या सह्या घ्या.