जाड प्रकरणाच्या एका पानाच्या नोट्स कशा काढायच्या?

प्रश्न: राज्यसेवेसाठी राज्यव्यवस्था वाचतोय. आणीबाणीच्या प्रकरणाच्या नोट्स काढल्या तर त्याच बारा पानं झाल्या. एका पानात कशा बसवू?

उत्तर: आधी त्या प्रकरणावरचे मागच्या वर्षांचे प्रश्न वाचा आणि नोट्स दुसऱ्या वाचनानंतरच, पुस्तक मिटून काढा. नागपुरात एका अभ्यासिकेत मी मुलांच्या नोट्स तपासते. आमचे पोट्टे पहिल्याच वाचनाला हायलायटर घेऊन बसतात नि अख्खं पान पिवळं करतात, कारण तेव्हा सगळंच महत्त्वाचं वाटतं. प्रश्न पाहिले की कळतं, आयोग बहुतेकदा फरक विचारतो. म्हणून परिच्छेद लिहू नका, तक्ता करा. कलम ३५२, ३५६ आणि ३६० असे तीन रकाने; ओळी चारच:

- कारण
- संसदेची मंजुरी किती दिवसांत: एक महिना, दोन महिने, दोन महिने
- बहुमत: विशेष, साधं, साधं
- कमाल मुदत: नाही, तीन वर्षं, नाही

खाली ४४व्या घटनादुरुस्तीची (१९७८) एक ओळ: ‘अंतर्गत अशांतता’ऐवजी ‘सशस्त्र उठाव’, आणि कलम २० व २१ आणीबाणीतही स्थगित होत नाहीत. मग पुस्तक उघडून ताळा करा. जे चुकलं किंवा सुटलं तेवढंच लाल पेनानं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तेच लाल वाचायचं असतं.

मात्र हे पूर्वपरीक्षेपुरतं. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे. तिथं ३५६च्या गैरवापरावर लिहायला बोम्मई खटला (१९९४) वेगळ्या पानावर सविस्तर हवाच.