मॉडेल शीट असूनही चौघांच्या हातून चार वेगळ्या चिंग्या का निघतात?

प्रश्न: आम्ही नागपूरचे चौघं मिळून लहान मुलांसाठी टूडी मालिका करतोय. नायिका चिंगी, वय दहा, दोन वेण्या, उजव्या खांद्यावर झोळी. ती सगळ्या बाजूंनी कशी दिसते ते दाखवणारं टर्नअराउंड काढून सगळ्यांना दिलं, तरी प्रत्येकाची चिंगी वेगळीच दिसते. शीटमध्ये काय कमी असेल?

उत्तर:

बहुतेक वेळा शीटमधली चित्रंच एकमेकांशी जुळत नसतात. समोरचं चित्र वेगळं डोकं सांगतं, बाजूचं वेगळं. मग ज्याला जे पटेल ते तो धरतो.

आधी डोक्याची उंची हे माप ठरवा. समजा डोकं ४०० पिक्सेल आणि चिंगी साडेतीन डोकी उंच, म्हणजे १४०० पिक्सेल. टाळू, भुवया, डोळे, नाकाचं टोक, हनुवटी, खांदे, कंबर, फ्रॉकची कड, गुडघे आणि जमीन अशा आडव्या रेषा पूर्ण पानभर ओढा. प्रत्येक चित्र याच रेषांवर बसलं पाहिजे. वेण्यांची टोकं कुठे येतात त्याचीही रेषा हवी. ती नसेल तर वेण्या दर सीनला वाढतात.

चित्रांचा क्रम समोर, बाजू, पाठ असा ठेवा आणि थ्री-क्वार्टर, म्हणजे समोर आणि बाजू यांच्या मधला तिरका कोन, शेवटी काढा. पाठीची बाह्यरेषा वेगळी शोधावी लागत नाही. समोरची आकृती आडवी उलटवली की ती मिळते, मग आतले तपशील बदलायचे. थ्री-क्वार्टर मात्र अंदाजाने काढला जातो आणि सगळी गडबड तिथेच होते, कारण मालिकेत सर्वाधिक वेळ हाच कोन दिसतो.

तो मोजून काढता येतो. समोरच्या चित्रात डोळा मध्यरेषेपासून ६० पिक्सेलवर आहे आणि बाजूच्या चित्रात तोच डोळा डोक्याच्या मध्यातून जाणाऱ्या उभ्या रेषेच्या १५० पिक्सेल पुढे आहे, असं धरू. डोकं ४५ अंश वळलं की दोन्ही आकड्यांची बेरीज आणि वजाबाकी घ्यायची आणि ०.७ ने गुणायचं. २१० चे १४७ आणि ९० चे ६३. म्हणजे डोक्याच्या मध्यापासून, तोंड वळलंय त्या दिशेला, जवळचा डोळा ६३ वर आणि लांबचा १४७ वर. डोकं ३६० रुंद असेल तर लांबच्या डोळ्याला कडेपर्यंत जेमतेम ३३ पिक्सेल उरतात. हिशोबाप्रमाणे तो निम्म्याहूनही अरुंद दिसायला हवा, पण तेवढा केला तर चेपलेला वाटतो. माझ्या मते दोन-तृतीयांश ठेवा, आणि तसं शीटवर लिहून टाका. हे लिहिलेलं नसलं की एक जण अर्धा काढतो, दुसरा पूर्ण.

आता झोळी. ती एकाच खांद्यावर असल्यामुळे एका बाजूचं चित्र उलटवून दुसरी बाजू मिळत नाही. तसं केलं तर झोळी डाव्या खांद्यावर जाते. चिंगीच्या दोन्ही बाजू आणि चारही थ्री-क्वार्टर वेगळे काढा, म्हणजे समोर आणि पाठ धरून एकूण आठ चित्रं होतात. शिवाय ‘उजवा’ म्हणजे चिंगीचा उजवा, बघणाऱ्याचा नाही, हे ठळक लिहा. सीनमध्ये तयार चाल आरशासारखी उलटवून वापरायची नाही, हेही सोबत.

हावभावांची सगळी डोकी एकाच मापाची आणि एकाच कोनातली काढा. सहा ते आठ पुरेत. डोळ्यांच्या वरचा कवटीचा भाग कुठल्याच भावात बदलत नाही. भुवया, पापण्या, गाल आणि जबडा एवढंच हलतं. हावभाव फिरवताना चेहरा ओळखू येईनासा होतो तो बहुतेक कवटीच ताणल्यामुळे. त्यासाठी सगळ्यात टोकाचा भाव नक्की काढा. चिंगीला तर्री-पोह्यातली तर्री झोंबली, तोंड उघडं, डोळ्यांत पाणी. त्यावर लिहा: हनुवटी जास्तीत जास्त ८० पिक्सेल खाली, गाल वर चढून खालच्या पापणीला टेकतात, वरचे दात एकच पांढरी पट्टी, मधल्या रेघा नाहीत. ही सीमा दिली की बाकीचे भाव आपोआप तिच्या आत राहतात. शेजारी दोन-तीन चुकीची डोकी काढून त्यांवर फुली मारा. लांबलचक सूचनांपेक्षा ती जास्त कामाला येतात.

शीट वाटण्याआधी एक तपासणी करा. शीटमध्ये नसलेली एक पोझ, म्हणजे मांडी घालून पोहे खाणारी चिंगी, तिघांना वेगवेगळं बसून काढायला सांगा. मग तिन्ही चित्रं डोक्याच्या उंचीवर जुळवून ५० टक्के पारदर्शकतेने एकावर एक ठेवा. तिघांच्या रेषा जिथे फाकतात, तिथे शीटमध्ये काहीतरी सांगायचं राहिलेलं असतं. एकाचीच फाकली तर त्याला दाखवा. तिघांचीही फाकली तर शीट दुरुस्त करा, आवृत्तीचा आकडा वाढवा आणि जुनी फाइल सगळ्यांच्या फोल्डरमधून काढून टाका.