मेन्स रिया आणि ॲक्टस रीअस म्हणजे काय? आरोप सिद्ध व्हायला दोन्ही लागतात का?

बहुतेक गुन्ह्यांत दोन्ही लागतात, आणि तेही एकाच वेळी. ॲक्टस रीअस म्हणजे कायद्याने मना केलेली कृती, तर मेन्स रिया म्हणजे ती करतानाचा दोषी हेतू किंवा जाणीव. भारतीय न्याय संहितेतलं कलम ३०३, म्हणजे चोरी, घ्या. वस्तू ज्याच्या ताब्यात आहे, त्याच्या संमतीशिवाय ती जागेवरून हलवली की कृती पूर्ण. वस्तू दाराबाहेर जायलाच हवी असं नाही. पण हलवताना मनात लबाडी हवी. लोकलमध्ये आपली समजून दुसऱ्याची बॅग उचललीत, तर कृती झाली, चोरी नाही. घरी उघडल्यावर चूक कळूनही ठेवून घेतलीत, तरी आरोप चोरीचा नाही, कलम ३१४ खाली अपहाराचा; कारण लबाडी नंतर आली. नुसता बेत मनात असेल आणि हात लावलाच नसेल, तर चोरीचा आरोपच उभा राहत नाही.

अपवाद मात्र आहे: काही कायद्यांत हेतू पाहतच नाहीत. नोव्हेंबर १९६२ मध्ये झुरिकहून मनिलाला निघालेला मायर हान्स जॉर्ज मुंबई विमानतळावर ३४ किलो सोन्यासह पकडला गेला. सोनं नेण्याबाबतचा भारतातला नियम काही दिवसांपूर्वीच बदलल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. उच्च न्यायालयाने सोडलं, पण १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने दोषी ठरवलं. शिक्षा तेवढी भोगून झालेल्या कैदेपुरती कमी केली.