दादांना नुसतं ‘फॉरवर्ड’ करता यावं म्हणून

“कॉलेजमधले एक सीनियर दादा ज्या मॅडमना ओळखतात, त्यांच्याशी मला बोलायचंय. पण ‘ओळख करून द्या’ म्हणायला फार संकोच वाटतो. दादांना ओझं होईल का? आणि लिहू तरी काय?”

हे विचारणारी मुलगी चाकणच्या एका कारखान्यात चार वर्षं क्वालिटीत होती आणि तिला सप्लायर क्वालिटीत, म्हणजे पुरवठादारांकडून येणाऱ्या मालाचा दर्जा सांभाळण्याच्या कामात, जायचं होतं. तिने लिहून ठेवलेला मेसेज मी पाहिला: “दादा, मॅडमकडे माझं काही होतंय का बघा ना, रेझ्युमे जोडलाय.” यात सगळं काम दादांच्या अंगावर पडत होतं. रेझ्युमे वाचायचा, त्यातलं सांगण्यासारखं शोधायचं आणि मॅडमना काय म्हणायचं तेही स्वतःच ठरवायचं. असे मेसेज ‘नंतर बघू’ म्हणून राहून जातात.

आम्ही त्याचे दोन मेसेज केले. पहिला फक्त दादांसाठी: “तुम्हाला योग्य वाटलं तरच, खालचा मजकूर मॅडमना पाठवून त्या बोलतील का एवढं विचाराल? अडचण असेल तर मोकळेपणाने सांगा.” आधी मॅडमचा होकार, मग नंबर, हा क्रम मी सोडू देत नाही. न विचारता नंबर दिला गेला की दादांचीच पंचाईत होते.

दुसरा मेसेज वेगळा पाठवायचा, म्हणजे दादांना एक अक्षरही न बदलता तो पुढे ढकलता येतो. त्यात ‘दादा’ हा शब्दही नको. वर तिचं नाव आणि खाली एवढंच:

“मेकॅनिकल इंजिनिअर, चार वर्षं क्वालिटीत. गेल्या वर्षी एका कास्टिंगचं रिजेक्शन ६ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणण्याच्या कामात होते. आता सप्लायर क्वालिटीत जायचा विचार आहे. या कामात पहिल्या वर्षी काय शिकावं लागतं, हे विचारायला फोनवर १५ मिनिटं मिळतील का? शनिवारी-रविवारी कधीही चालेल.”

नोकरी मागितलेली नाही, हे मुद्दाम. नोकरी देणं मॅडमच्या हातात असेलच असं नाही, पंधरा मिनिटं मात्र त्या देऊ शकतात.

तिच्या आधीच्या मसुद्यात आणखी दोन गोष्टी होत्या: ग्राहक कंपनीचं नाव आणि “बॉसशी पटत नाही”. दोन्ही मी काढायला लावल्या. पुढे पाठवलेला मजकूर कुठवर जाईल ते आपल्या हातात राहत नाही, आणि चाकणमध्ये कोण कोणाच्या ओळखीचं निघेल सांगता येत नाही. तुमच्या साहेबांच्या फोनवर हाच मेसेज आला तर चालेल का, हे स्वतःला विचारूनच तो पाठवा.

दादांचं उत्तर आठवडाभर आलं नाही. तिने एकदाच, एका ओळीत आठवण केली. तेव्हा मॅडमचा होकार आणि नंबर दोन्ही आले. तिने त्याच दिवशी मॅडमना मेसेज केला, रविवारी बोलणं झालं आणि संध्याकाळी काय बोलणं झालं ते दादांना दोन ओळींत कळवलं.